चार महिन्यांची कंबरदुखी, संध्याकाळची कणकण आणि उतरलेलं वजन: उसण की मणक्याचा टीबी?

*माझा धाकटा भाऊ, वय 29, इचलकरंजीत सुताच्या मालाचा टेम्पो चालवतो, माल चढवणं-उतरवणंही तोच करतो. चार महिन्यांपूर्वी एक गठ्ठा उचलताना कंबरेत उसण भरली असं तो म्हणतो. तेव्हापासून दुखणं गेलेलं नाही, उलट वाढलंय. गेले दोन महिने संध्याकाळी कणकण येते, रात्री घामाने बनियन ओलं होतं, वजन 61 वरून 54 किलो झालंय. खोकला अजिबात नाही. दीड महिन्यापूर्वीचा कंबरेचा एक्स-रे नॉर्मल. एक डॉक्टर पाठीत इंजेक्शन घ्या म्हणतात, आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात टीबीचा संशय आहे, सरळ एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करू. भावकीतले एक जण मणके बसवतात, त्यांच्याकडे न्यावं असं आई म्हणते. खोकला नसताना टीबी कसा असेल? आणि आधी काय करायचं?*

आधी काय करू नये ते सांगतो, कारण तुमच्यापुढे तीन वाटा आल्या आहेत आणि आज त्यातली एकही धरायची नाही. पाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं नाही. मणका कोणाकडून बसवून, ओढून किंवा तुडवून घ्यायचा नाही. आणि फॅमिली डॉक्टरांचा संशय मला अगदी रास्त वाटतो, तरीही एकेटीची पहिली गोळी तपासणीसाठी नमुना घेण्याआधी द्यायची नाही. या आठवड्यात करायची गोष्ट एकच, मणक्याचा एमआरआय. सोबत रक्ताच्या दोन-तीन साध्या तपासण्या.

मी मणक्याचे रुग्ण तपासतो त्याला बावीस वर्षं झाली. कंबरदुखी घेऊन येणाऱ्या बहुतेकांना काहीही गंभीर नसतं, आणि म्हणूनच हा आजार हातातून निसटतो. दिवसाला पंचवीस उसणी पाहिल्या की सव्विसावीही उसणच दिसायला लागते. माझ्या हातूनही असं झालेलं आहे, ते पुढे सांगतो.

उसण म्हणजे स्नायू किंवा सांध्याभोवतीचे बंध ताणले जाणं. ती एका क्षणी भरते आणि तो क्षण रुग्णाला आठवतो. पहिले तीन-चार दिवस वळणंही नको होतं, पण आडवं पडून योग्य कुशी सापडली की बरं वाटतं. दोन आठवड्यांत निम्मं दुखणं जातं आणि सहा आठवड्यांत बहुतेक माणसं कामाला लागलेली असतात. दुखणं मणक्याच्या रेषेवर नसून तिच्या एका बाजूला, स्नायूंच्या पट्ट्यात असतं. मधेच पुन्हा लचक भरली तरी एकंदर कल उताराचा असतो.

तुमच्या भावाचा कल चढाचा आहे. चार महिने झाले आणि दुखणं वाढतंय, ही एकच गोष्ट मला तापापेक्षा मोठी वाटते. गठ्ठ्याचं म्हणाल तर माल उचलणारा माणूस रोजच काही ना काही उचलतो. दुखायला लागलं की मन मागे जाऊन एखादा गठ्ठा शोधून काढतंच. आधीच पोखरलेल्या मणक्याला वजन उचलताना पहिली कळ येणं, हेही होतं.

खोकला नसण्याबद्दल. टीबीचे जंतू श्वासातून फुप्फुसात शिरतात हे खरं, पण तिथे ते मोठा आजार न करता गप्प बसू शकतात आणि रक्तावाटे दुसरीकडे पोहोचू शकतात. हाडांच्या टीबीपैकी जवळजवळ निम्मा मणक्यात होतो. मणक्याचं हाड स्पंजासारखं आणि रक्ताने भरलेलं असतं. रक्तवाहिनीची एकच फांदी वरच्या मणक्याचा खालचा भाग आणि खालच्या मणक्याचा वरचा भाग, दोन्हींना रक्त पुरवते, त्यामुळे आजार बहुतेक वेळा लागून असलेल्या दोन मणक्यांत एकदम दिसतो, मधली चकती मात्र बराच काळ शाबूत राहते. छातीचा एक्स-रे अशा बऱ्याच रुग्णांत स्वच्छ असतो. खोकला नाही म्हणून टीबी नाही, हा तर्क मणक्याच्या बाबतीत चालत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. ताप, घाम आणि वजन उतरणं ही त्रयी पुस्तकात ठळक असते, पण मणक्याचा टीबी असलेल्या निम्म्याहून जास्त रुग्णांत ती नसतेच. तुमच्या भावात ती आहे म्हणून निदान लवकर होईल. ज्याच्यात नाही त्याची पाठ महिनोन्महिने शेकली जाते.

आता ताप नीट मोजा. 'कणकण' हा शब्द डॉक्टरला पुरत नाही. निरोगी माणसाचंही तापमान संध्याकाळी थोडं चढतं आणि 99 ते 99.5 दिसू शकतं. ते रोज 100 च्या पुढे जात असेल तर तो ताप. संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ, पाच दिवस, थर्मामीटरने मोजून वहीत लिहा. आणि यातली खाच लक्षात ठेवा: तो कंबरेसाठी डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल घेत असेल तर त्या गोळ्या तापही उतरवतात. माझी चूक नेमकी इथे झाली होती. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण गवंडी माझ्याकडे यायचा. प्रत्येक वेळी मी विचारायचो, "ताप येतो का?" तो म्हणायचा, "नाही." दिवसाला तीन वेदनाशामक गोळ्या मीच लिहून दिल्या होत्या. गोळ्या संपल्यावर गावाकडे असताना चार दिवसांत त्याला 101 ताप चढला, तेव्हा त्याच्या आईला कळलं आणि मला कळलं. म्हणून डॉक्टरांना विचारून दोन दिवस गोळ्या थांबवता आल्या तर मोजणी खरी होईल. थांबवता येत नसतील तर निदान गोळी किती वाजता घेतली ते शेजारी लिहा.

घरी दोन गोष्टी पाहता येतील. जमिनीवर एक नाणं टाका आणि त्याला उचलायला सांगा. उसण असलेला माणूस कण्हत-कुंथत का होईना, कंबरेत थोडा वाकतो. मणका आजारी असलेला माणूस पाठ काठीसारखी ताठ ठेवतो, गुडघे आणि खुबे वाकवून खाली बसतो, एक हात मांडीवर टेकतो आणि नाणं घेऊन तसाच ताठ उठतो. पाठीचे स्नायू आजारी मणक्याला हलू देत नाहीत. झोपेत हेच स्नायू सैल पडतात, मणका हलतो आणि माणूस कळ येऊन दचकून जागा होतो. भाऊ रात्री असा उठतो का ते आईला विचारा. दुसरी गोष्ट, त्याला पालथं झोपवून मणक्यांच्या मधल्या रेषेवर वरून खालपर्यंत बोटाने हलकं टिचकत या. एका ठराविक मणक्यावर तो कळवळला, किंवा तिथे एखादं हाड बाकीच्यांपेक्षा बाहेर आलेलं हाताला लागलं, तर ती जागा पेनाने खूण करून डॉक्टरांना दाखवा. हा आजार बहुतेकदा छातीचे मणके संपून कंबरेचे सुरू होतात त्या सांध्यापाशी असतो. कंबरेच्या एक्स-रेमध्ये तो भाग कडेला येतो किंवा सुटतोच.

नॉर्मल एक्स-रेवर विसंबू नका, तो दीड महिन्यापूर्वीचा असो की कालचा. हाडातलं एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत खड्डा दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडाला आलेली सूज कितीतरी आधी दिसते, मणक्याभोवती साठलेला पू दिसतो, मज्जारज्जूवर दाब आहे का तेही कळतं. शक्य असेल तर आजारी भागाच्या एमआरआयसोबत संपूर्ण मणक्याची एक झटपट पाहणी करून घ्या. कधीकधी दुसरीकडेही एक जागा असते आणि ती दुखत नसते.

रक्तात ईएसआर, सीआरपी, हिमोग्रॅम, साखर आणि एचआयव्ही. ईएसआर शरीरातला दाह दाखवतो, उसणीत तो वाढत नाही. इथे तो बहुधा वाढलेला येईल, पण नॉर्मल आला तरी एमआरआय रद्द करू नका. कातडीत टोचायची माँटू चाचणी किंवा रक्तातली 'टीबी गोल्ड' यांवर पैसे घालवू नका. जंतू कधीतरी शरीरात शिरला होता एवढंच त्या सांगतात, आणि आपल्याकडे ते निम्म्या गल्लीबद्दल खरं असेल. टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचण्यांवर तर भारत सरकारने 2012 मध्ये बंदी घातलेली आहे. अजूनही कोणी लिहून दिली तर करू नका.

मुख्य मुद्दा नमुन्याचा. एमआरआयमध्ये टीबीसारखं दिसलं की घरच्यांना आणि बऱ्याच डॉक्टरांनाही वाटतं, आता सुई कशाला, औषध सुरू करा. मला ते मान्य नाही, आणि कारणं दोन. पहिलं, टीबीसारखा दिसणारा दरेक मणका टीबीचा नसतो. साधा पू करणारे जंतू असतात, कर्करोगाच्या गाठी असतात, आणि आपल्या भागात ज्याचा हमखास विसर पडतो तो ब्रुसेलोसिस असतो. शेळ्या-म्हशी विताना हात घालणाऱ्यांना किंवा न तापवलेलं दूध पिणाऱ्यांना तो होतो. त्यातही संध्याकाळचा ताप, घाम आणि कंबरदुखीच असते. गंमत अशी की एकेटीतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही थोडं काम करतं, मग रुग्णाला महिनाभर बरं वाटतं, निदान पक्कं झाल्यासारखं सगळे खूश होतात आणि मग दुखणं परत येतं. घरी जनावरं असतील तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ब्रुसेलाची रक्ततपासणी करता येते.

दुसरं कारण औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचं. हाडात जंतू फार थोडे असतात. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी सुई घातली तर हाती काहीच लागत नाही, आणि जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही हे कळायची वाट बंद होते. मग सहा महिने आंधळेपणाने औषध, आणि मणका खचत गेला की शंका. तापासाठी म्हणून लिव्होफ्लोक्सासिनसारखी अँटिबायोटिक दिली गेली असेल तर तेही सांगा. ते टीबीवर अर्धवट काम करतं आणि चित्र गढूळ करतं.

नमुना घेण्याला लोक उगाच घाबरतात. रुग्णाला सीटी स्कॅनच्या टेबलावर पालथं झोपवतात, कातडी बधिर करतात आणि पडद्यावर पाहत पाठीतून आजारी हाडापर्यंत किंवा पुवापर्यंत सुई नेतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. चूक होते ती नंतर. मिळालेला सगळा तुकडा एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे कल्चर करता येत नाही, आणि टीबीचा जंतू व त्याची रिफाम्पिसिनला दाद शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीलाही तो नमुना चालत नाही. म्हणून सुई घालण्याआधी विचारा, "नमुना दोन बाटल्यांत जाणार ना?" एक फॉर्मेलिनची, पेशी तपासण्यासाठी. दुसरी साध्या सलाईनची, सीबीनॅट, टीबीचं कल्चर आणि इतर जंतूंच्या कल्चरसाठी. मी ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं राहून नातेवाइकांच्या हातात ती सलाईनची बाटली दिलेली आहे.

मागे माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण देतो. वय 41, शिवणकाम करणाऱ्या, वजन 44 किलो. तीन महिने पाठ दुखत होती, मशीनवर वाकून बसल्यामुळे असं सगळे म्हणत होते. दोन पट्टे झाले, शेक झाला, सुरुवातीचा एक्स-रे ठीक होता. संध्याकाळी चेहरा तापलेला वाटायचा पण थर्मामीटर घरात नव्हता. माझ्याकडे आल्या तेव्हा ईएसआर 78. नाणं उचलायला सांगितलं तर खुर्ची धरून ताठ बसल्या. मागच्या बाजूला एका मणक्याचं टोक किंचित वर आलेलं हाताला लागलं. एमआरआयमध्ये छातीचा अकरावा आणि बारावा मणका आजारी, पुढे पू, आणि तो पू डाव्या बाजूच्या, कंबरेतून मांडीकडे जाणाऱ्या सोआस स्नायूत उतरलेला. डावा पाय सरळ केला की जांघेत ओढ बसायची त्याचं कारण ते. लाल नाही, गरम नाही, असं हे थंड गळू असतं. मज्जारज्जूवर दाब नव्हता.

चौथ्या दिवशी सुईने नमुना घेतला. सीबीनॅटमध्ये टीबीचा जंतू सापडला, रिफाम्पिसिनला दाद देणारा. पेशींच्या तपासणीतही टीबीला साजेशा गाठी दिसल्या. कल्चर पाच आठवड्यांनी आलं, तेही जुळलं. पण सीबीनॅट रिपोर्ट हाती येताच औषध सुरू केलं होतं, कल्चरची वाट पाहिली नाही. उलट घडलं असतं, म्हणजे सीबीनॅट निगेटिव्ह आलं असतं, तर एवढ्यावरून टीबी नाकारला नसता. जंतू थोडे असले की ती चाचणी हुकते. पेशी, कल्चर आणि एमआरआय मिळून ठरवावं लागतं, आणि काही रुग्णांत सगळं करूनही शेवटी डॉक्टरला अंदाजानेच औषध द्यावं लागतं.

त्यांना पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या तीन गोळ्या रोज, नंतर दहा महिने तीन औषधं. फुप्फुसाच्या टीबीला सहा महिने पुरतात, मणक्याला आपल्याकडे बारा महिने देतात, काहींना त्याहून जास्त. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. 54 किलोला, म्हणजे तुमच्या भावाला, निदान झालंच तर चार. ताप तिसऱ्या आठवड्यात गेला, भूक परतली, पाठ मात्र दीड महिन्याने हलकी झाली. दोन महिन्यांनी त्यांच्या मुलाने स्वतःच एमआरआय काढून आणला आणि रडवेला होऊन आला, कारण रिपोर्टमध्ये पू "तेवढाच" आणि हाडाची सूज "वाढलेली" लिहिली होती. एमआरआय रुग्णाच्या मागे चालतो. वजन वाढतंय, ताप नाही, पायांत ताकद आहे, ईएसआर उतरतोय, तर त्या कागदावरून औषध बदलत नाही. चार-पाच महिन्यांनीही दुखणं तसंच असेल किंवा नवा पू दिसला, तरच दाद न देण्याचा विचार करून पुन्हा नमुना. बारा महिन्यांनी त्यांचं वजन 52 होतं. पाठीत थोडा बाक राहिला आहे, तो राहणार. दोन महिने आधी आल्या असत्या तर बहुधा राहिला नसता.

ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. पाय अधू होत असतील, मणका खचून बाक झपाट्याने वाढत असेल किंवा औषध लागू पडत नसेल तर लागतं. सुरुवातीचे काही आठवडे विश्रांती आणि डॉक्टरांनी मापाने दिलेला ब्रेस. टेम्पो आणि माल यांचा विषय निदान काही महिने नको. इंजेक्शन आणि मणके बसवणं का नको हेही यातच आलं: स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं, आणि पोखरलेल्या मणक्याला दिलेला हिसका थेट मज्जारज्जूपर्यंत पोहोचू शकतो.

औषध सुरू झालं तर लघवी नारिंगी होते, ते रिफाम्पिसिनमुळे आणि निरुपद्रवी. पण उलट्या, भूक मरणं, डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, यातलं काही दिसलं तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण यकृताला त्रास होतोय. या गोळ्यांतलं इथॅम्ब्युटॉल वर्षभर चालतं आणि नजरेला त्रास देऊ शकतं, म्हणून लाल-हिरवा रंग फिका वाटला किंवा अक्षर धूसर झालं तर लगेच सांगायचं. टेम्पो चालवणाऱ्याने तर नक्कीच.

औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, खासगी डॉक्टरकडे निदान झालं तरी रुग्णाची नोंद सरकारच्या निक्षय या टीबी पोर्टलवर व्हावी लागते. नोंद झाली की पोषणासाठी बँक खात्यात महिन्याला 1000 रुपये येतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500 होते. चौकशीसाठी 1800-11-6666. निव्वळ मणक्याचा टीबी घरच्यांना लागत नाही, ताट-पांघरूण वेगळं करू नका. छातीचा एक्स-रे मात्र काढा. फुप्फुसातही सापडला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी लागेल.

एमआरआयची तारीख मिळेपर्यंत रोज एक गोष्ट पाहा. भावाला सरळ रेषेत, टाचेला चवडा लावून दहा पावलं चालायला सांगा. तोल जातो का, पाय कडक पडतात का, चालताना चप्पल पायातून निसटते आणि त्याला कळत नाही, असं होतं का? मज्जारज्जूवर दाब येतो तेव्हा अशक्तपणाच्या आधी हे दिसतं, आणि रुग्ण त्याला थकवा म्हणतो. यातलं काही दिसलं, किंवा लघवी तुंबली, जांघेभोवती बधिर वाटलं, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच रात्री, आडवं झोपवून, एमआरआय आणि मणक्याचा सर्जन दोन्ही असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या.